विग्नर फलन आणि त्यातला ऋण खड्डा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेज स्पेसमधली संभाव्यता ऋण कशी असू शकते, हा प्रश्न एमएस्सीच्या मुलांकडून दरवर्षी येतो आणि दरवर्षी तो रास्त असतो. खालची बहुतेक उत्तरं मी एकाच उदाहरणावर रचली आहेत: दोलकाची पहिली उत्तेजित अवस्था, म्हणजेच प्रकाशाच्या एका मोडमध्ये नेमका एक फोटॉन. या उदाहरणाचं सगळं गणित कागदावर सुटतं आणि ऋण भागाचं मर्म त्यात पूर्ण उघडं पडतं. एककं अशी घेतली आहेत की `ħ = 1`, वस्तुमान आणि वारंवारताही १.

फेज स्पेस म्हणजे काय, आणि क्वांटममध्ये तिथे अडतं कुठे?

स्प्रिंगला बांधलेला गोळा घ्या. या क्षणी तो कुठे आहे (`x`) आणि त्याचा संवेग किती आहे (`p`), हे दोन आकडे कळले की त्याचं सगळं भविष्य कळलं. हे दोन आकडे दोन अक्षांवर मांडले की प्रत्येक स्थिती म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू होतो आणि गोळा हलत असताना तो बिंदू वर्तुळात फिरतो. हे प्रतल म्हणजे फेज स्पेस. गोळा नेमका कुठे आहे हे माहीत नसेल, तर बिंदूऐवजी एक ढग काढायचा. जिथे शक्यता जास्त तिथे ढग दाट, कमी तिथे विरळ. ढगाची घनता कुठेही शून्याखाली जात नाही.

क्वांटम दोलकाचं `x` आणि `p` एकाच वेळी नेमकं ठरवता येत नाही, त्यामुळे "या बिंदूवर असण्याची संभाव्यता" या वाक्यालाच अर्थ उरत नाही. पण `x` एकटं मोजता येतं, `p` एकटं मोजता येतं आणि त्यांचं कोणतंही मिश्रण `x cosθ + p sinθ` हेही मोजता येतं. या प्रत्येक मोजमापाचं वितरण अगदी नेहमीसारखं, धन असतं. मग या सगळ्या वितरणांच्या मागे एकच ढग आहे असं मानता येईल का? या पानावरचा खरा प्रश्न हाच आहे.

विग्नरने नेमकं काय केलं?

यूजीन विग्नर १९३२ साली वायूंच्या उष्मागतिकीत क्वांटम दुरुस्त्या कशा करायच्या, या वेगळ्याच कामात होता. त्यासाठी त्याने तरंगफलापासून फेज स्पेसवरचं एक फलन बनवलं:

```
W(x,p) = (1/π) ∫ ψ*(x+y) ψ(x−y) e^(2ipy) dy
```

त्याचा गुण असा: `p` च्या दिशेने बेरीज केली की `x` चं खरं वितरण मिळतं, `x` च्या दिशेने केली की `p` चं मिळतं आणि तिरक्या दिशेने केली की त्या कोनातल्या मिश्रणाचं मिळतं. उन्हात ठेवलेल्या वस्तूची सावली प्रत्येक बाजूने बरोबर पडावी, तसं. सगळ्या सावल्या बरोबर, एकूण बेरीज बरोबर १. फक्त वस्तूला स्वतःला काही ठिकाणी ऋण घनता असू शकते. म्हणूनच त्याला संभाव्यता न म्हणता संभाव्यतासदृश वितरण म्हणतात.

ऋण संभाव्यता म्हणजे "उणे तीस टक्के वेळा घडतं" असं काहीतरी?

नाही. असं कुठलंच मोजमाप तुम्हाला करता येत नाही ज्याचं उत्तर फेज स्पेसमधला एक बिंदू असेल. तुम्हाला सावल्याच मिळतात, आणि सावली म्हणजे एका अख्ख्या रेषेवरची बेरीज. त्या रेषेवर ऋण तुकडा आला तर शेजारच्या धन भागाने तो भरून निघतो. बेरीज कधीच शून्याखाली जात नाही. ऋण भाग कुठल्या मीटरवर दिसत नाही. अनेक मीटरांची वाचनं एकमेकांशी ताडून पाहिली तरच तो आहे हे कळतं.

एका फोटॉनचं विग्नर फलन काढून दाखवाल का?

पहिल्या उत्तेजित अवस्थेचं तरंगफल `x e^(−x²/2)` या आकाराचं असतं. वरच्या सूत्रात घालून संकलन केलं की हे मिळतं:

```
W₁(x,p) = (1/π) (2r² − 1) e^(−r²),    r² = x² + p²
```

`x` आणि `p` फक्त `r²` मधून येतात, म्हणजे आकृती गोल आहे. मधोमध, `r = 0` वर, किंमत −१/π, म्हणजे साधारण −०.३१८. तिथून बाहेर जाताना ती चढते, `r = १/√२` (सुमारे ०.७०७) वर शून्य होते, मग धन कडं तयार होतं आणि पुढे ते विरत जातं. चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर मेदूवडा आठवा, फक्त मधलं भोक ताटाच्याही खाली गेलेलं. खड्ड्याची त्रिज्या ०.७०७ ही निर्वात अवस्थेतल्या `x` च्या प्रमाण विचलनाइतकीच आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

खड्ड्यातलं एकूण घनफळ काढलं तर `1 − 2/√e`, म्हणजे सुमारे −०.२१३ येतं. बाहेरच्या कड्याचं घनफळ १.२१३. दोघांची बेरीज १.

आता सावली पाडून बघू. `p` च्या दिशेने संकलन केलं की `(2/√π) x² e^(−x²)` उरतं आणि हे अगदी `|ψ₁|²` आहे. `x = 0` वर ते बरोबर शून्य. म्हणजे मधून जाणाऱ्या उभ्या रेषेवर खड्ड्याने कड्याला तंतोतंत खोडून काढलं आहे. पुढच्या उत्तरात हीच गोष्ट उपयोगी पडणार आहे.

पण हा ऋण भाग विग्नरच्या सूत्राच्या निवडीमुळे आला नसेल कशावरून? दुसरं शहाणं सूत्र निवडलं तर?

मला हाच सगळ्यांत चांगला प्रश्न वाटतो, आणि त्याच्या उत्तरासाठी विग्नरचं सूत्र लागतच नाही.

समजा, तुम्ही विग्नरचं नावही ऐकलेलं नाही. तुमच्याकडे फक्त प्रयोगाची नोंद आहे. `x` मोजलं: शून्याच्या आसपास जवळजवळ काहीच येत नाही, दोन्ही बाजूंना दोन उंचवटे येतात. `p` मोजलं: तेच. ४५ अंशांतलं मिश्रण मोजलं: तेच. कुठलाही कोन घ्या, एका फोटॉनसाठी वितरण तेच असतं आणि मधोमध शून्य असतं.

आता माना की या सगळ्यामागे नेहमीचा, कुठेही ऋण नसलेला ढग आहे. `x` ची सावली शून्यावर शून्य आहे, म्हणजे `x = 0` या उभ्या रेषेवर ढगाची एकूण घनता शून्य. घनता ऋण नसताना बेरीज शून्य यायची तर त्या रेषेवर कुठेच ढग नसला पाहिजे. `p` ची सावली हेच आडव्या रेषेबद्दल सांगते. ४५ अंशांची सावली तिरक्या रेषेबद्दल. केंद्रातून जाणारी प्रत्येक रेषा अशी रिकामी निघते. आणि केंद्रातून जाणाऱ्या रेषांनी अख्खं प्रतल भरतं! म्हणजे ढग कुठेच नाही, तरी त्याची एकूण बेरीज मात्र १ हवी. हे जमत नाही.

सुटकेची वाट एकच: केंद्राजवळ कुठेतरी घनता ऋण असू द्यायची. उलट बाजूनेही पाहा. सगळ्या कोनांतल्या सावल्या ठरल्या की त्यामागचं फलन एकच असू शकतं. सीटी स्कॅन ज्या गणितावर चालतो तेच हे गणित, रेडॉनचं. त्यामुळे "दुसरं सूत्र" निवडून सगळ्या सावल्या जुळवता येत नाहीत. जुळवल्या तर हाती विग्नर फलनच येतं.

"अभिजात नसलेली अवस्था" या शब्दप्रयोगाला इथे नेमका अर्थ मिळतो. दोलकाला प्रत्येक क्षणी ठरलेलं `x` आणि ठरलेलं `p` आहे आणि आपल्याला ते फक्त माहीत नाही, ही समजूत घेऊन या नोंदी समजावता येत नाहीत.

केंद्रात −१/π च का? त्याहून खोल जाऊ शकतं का?

सूत्रात `x = 0, p = 0` घाला. उरतं `(1/π) ∫ ψ*(y) ψ(−y) dy`. हे म्हणजे तरंगफल आरशात उलटं केल्यावर मूळ तरंगफलाशी किती जुळतं याचं माप, ज्याला पॅरिटी म्हणतात. सम फलन असेल तर +१, विषम असेल तर −१. पहिली उत्तेजित अवस्था विषम, म्हणून −१/π. पॅरिटी −१ च्या खाली जात नाही, म्हणून विग्नर फलन कुठेच −१/π पेक्षा खोल जात नाही. इतर बिंदूंसाठीही हेच लागू: आधी तो बिंदू सरकवून केंद्रात आणायचा, मग पॅरिटी पाहायची.

म्हणजे एका फोटॉनचा खड्डा शक्य तितका खोल आहे. फोटॉन वाढवले तर खोली वाढत नाही, कड्यांची संख्या वाढते.

ऋण भाग दिसला नाही, तर अवस्था अभिजात समजायची का?

नाही. इथे पुष्कळ जण घसरतात, छापील नोट्ससुद्धा. ऋण भाग असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही.

स्क्वीझ्ड अवस्था घ्या. तिचं विग्नर फलन म्हणजे एका बाजूने दाबलेला, दुसऱ्या बाजूने लांबलेला गाउस आकाराचा ढग. कुठेही ऋण नाही. तरी दाबलेल्या दिशेतली अनिश्चितता निर्वात अवस्थेपेक्षा कमी असते. लेझरच्या सुसंगत अवस्थांचं कितीही मिश्रण करा, असं होत नाही, कारण त्यातल्या प्रत्येकीची अनिश्चितता निर्वाताइतकीच असते आणि मिश्रणाने ती फक्त वाढते.

ही कसोटी नीट मांडायला वेगळं फलन लागतं: १९६३ सालचं ग्लाउबर आणि सुदर्शन यांचं `P` फलन. सुसंगत अवस्था कोणत्या प्रमाणात मिसळल्या की ही अवस्था मिळते, हे ते सांगतं. ते प्रमाण धन आणि नीट वागणारं असेल तर प्रकाशशास्त्रात अवस्थेला अभिजात म्हणतात. (जॉर्ज सुदर्शन अमेरिकेत जाण्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, हे जाता जाता.) या कसोटीवर स्क्वीझ्ड अवस्था नापास होते. विग्नर फलनाची कसोटी त्याहून कडक: ती फक्त अधिक टोकाच्या अवस्था पकडते.

शुद्ध अवस्थांपुरतं चित्र १९७४ मध्ये हडसनने स्वच्छ केलं. शुद्ध अवस्थेचं विग्नर फलन कुठेच ऋण नसेल तर ती गाउस आकाराचीच असते, म्हणजे निर्वात, सुसंगत किंवा स्क्वीझ्ड. मिश्र अवस्थांना हा नियम लागू होत नाही.

हुसिमीचं `Q` फलन कधीच ऋण नसतं म्हणे. मग तेच का वापरू नये?

वापरतात. पण ते म्हणजे विग्नर फलन निर्वाताच्या आकाराच्या ब्रशने पुसट केलेलं. एका फोटॉनसाठी केंद्रात ते बरोबर शून्य होतं, ऋण होत नाही. मोबदल्यात त्याच्या सावल्या `x` आणि `p` ची खरी वितरणं देत नाहीत, जास्त पसरलेली देतात.

प्रयोगात हे मोजतात कसं?

दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली सावल्यांची. एका स्फटिकात लेझर सोडून फोटॉनांच्या जोड्या तयार करतात. जोडीतला एक डिटेक्टरवर टिपला की दुसरा आला आहे हे कळतं. हा दुसरा फोटॉन अर्ध्या आरशावर एका जोरदार लेझर किरणाशी मिसळतात आणि दोन्ही बाजूंच्या फोटोडायोडांचे प्रवाह वजा करतात. मिळतो तो `x cosθ + p sinθ` चा एक आकडा; लेझरचा फेज बदलला की `θ` बदलतो. असे हजारो आकडे जमवून सावल्या तयार करायच्या आणि त्यांवरून फलन उभं करायचं. १९९३ मध्ये स्मिथी, बेक, रेमर आणि फरीदानी यांनी ही पद्धत प्रकाशावर चालवून दाखवली. २००१ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या गटाने एका फोटॉनसाठी केंद्राजवळचा ऋण खड्डा मोजला.

दुसरी वाट पॅरिटीची. इथे सावल्यांची गरजच नाही: अवस्था फेज स्पेसमध्ये सरकवा, पॅरिटी मोजा, π ने भागा, त्या बिंदूवरची किंमत हातात. पॅरिसमधल्या हारोशच्या गटाने २००८ मध्ये अतिवाहक आरशांमध्ये कोंडलेल्या मायक्रोवेव्ह फोटॉनांवर असं काम केलं. रुबिडियमचे अणू आरशांमधून एकेक करून जाताना आतल्या फोटॉनांची संख्या सम की विषम हे सांगत होते. त्याआधी १९९६ मध्ये कोलोरॅडोच्या बोल्डरमध्ये वाइनलँडच्या गटाने सापळ्यात धरलेल्या बेरिलियम आयनाच्या हालचालीचं विग्नर फलन काढलं होतं. तिथे दोलक म्हणजे प्रकाश नव्हे, खरोखर हलणारा अणू. हारोश आणि वाइनलँड दोघांनाही २०१२ चं नोबेल मिळालं.

गळती झाली तर खड्ड्याचं काय होतं?

तो भरत जातो, आणि किती वेगाने ते एका ओळीत सांगता येतं. फोटॉन शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता `η` धरा. पोचला नाही तर मागे निर्वात उरतो. म्हणून हाती येते ती दोघांची सरमिसळ आणि केंद्रातली किंमत:

```
W(0,0) = (1 − 2η)/π
```

`η` ०.८ असेल तर −०.१९१. ०.६ असेल तर जेमतेम −०.०६४. ०.५ वर शून्य, आणि खड्डा संपला. हे फक्त एका फोटॉनपुरतं नाही. निम्मा किंवा त्याहून जास्त प्रकाश गळाला की कुठल्याही अवस्थेचा ऋण भाग पूर्ण नाहीसा होतो.

सावलीच्या भाषेत: गळती असेल तर वितरणाचं मधलं शून्य `(1−η)/√π` इतकं वर येतं. मगाचा युक्तिवाद त्या शून्यावर उभा होता, म्हणून तो हळूहळू सैल पडतो.

प्रयोगशाळेत `η` म्हणजे फक्त डिटेक्टरची कार्यक्षमता नव्हे. आरसे, भिंगं यांतली गळती येते, आणि दोन किरणांचा आकार किती जुळतो हेही येतं. तेही वर्गात. व्यतिकरण पट्ट्यांची स्पष्टता ०.९ असली तर एवढ्यानेच ०.८१ चा गुणक लागतो. नवख्यांचा खड्डा बहुतेकदा इथेच भरतो, आणि ते बिचारे डिटेक्टर बदलत बसतात.

"श्रोडिंगरची मांजर" अवस्थेत ऋण भाग कुठे असतो?

दोन टेकड्यांच्या मधे. विरुद्ध फेजच्या दोन सुसंगत अवस्थांची बेरीज केली की दोन धन टेकड्या येतात आणि त्यांच्यामध्ये धन-ऋण पट्टे. टेकड्या जितक्या दूर, पट्टे तितके बारीक. एक फोटॉन गळाला की सम पॅरिटीची विषम होते, धन पट्ट्याच्या जागी ऋण पट्टा येतो, आणि कधी गळाला हे माहीत नसेल तर सरासरीत दोन्ही पुसले जातात. फोटॉन जितके जास्त तितकी हे घडण्याची घाई. हारोशच्या गटाने पट्टे असे विरतानाची चित्रंही टिपली.

आलेखात ऋण दिसतंय, पण ते खोटं असू शकतं का?

अगदी सहज. सावल्यांवरून उलटं जाताना गणित बारीक गोंगाट फुगवतं. त्याला आवरायला चाळणी लावतात. ती सैल ठेवली तर पूर्ण निर्वाताच्या नोंदींतूनही ऋण लाटा उठतात. म्हणून मी पहिली गोष्ट बघतो ती केंद्र नव्हे, कडा. `r = ४` च्या आसपास काहीच नसायला हवं. तिथल्या लाटा उणे ०.०३ पर्यंत जात असतील तर केंद्रातल्या −०.०५ वर माझा विश्वास बसत नाही.

मग सिग्नल अडवून फक्त निर्वात मोजायचा आणि तीच पद्धत त्याच्यावर चालवायची. एकही खड्डा निघायला नको. आणि त्याच नोंदींवरून मोजपट्टी ठरते, कारण निर्वाताच्या `x` मधल्या प्रमाण विचलनाचा वर्ग इथे ½ असायला हवा.

शक्यता कमाल करणाऱ्या आधुनिक पद्धती अवस्थेला भौतिक चौकटीत ठेवतात, त्यामुळे लाटा कमी होतात. पण अवस्थेत जास्तीत जास्त किती फोटॉन धरायचे ही मर्यादा फार लहान ठेवली तर त्याही फसवतात. आणि अहवाल वाचताना एक तपासा: किंमत कच्ची आहे की गळतीची दुरुस्ती करून काढलेली? दुरुस्तीनंतरचा खड्डा हा "डिटेक्टर आदर्श असता तर" या वाक्याचा भाग आहे. तो निरुपयोगी नाही, पण कच्च्या नोंदीतल्या खड्ड्याच्या बरोबरीचाही नाही.

मला स्वतः करून पाहायचं असेल तर?

एवढं पुरेल:

```python
import numpy as np
x = np.linspace(-5, 5, 1001)
X, P = np.meshgrid(x, x)
R = X**2 + P**2
W = (2*R - 1)*np.exp(-R)/np.pi
dA = (x[1] - x[0])**2
print(W.min(), W.sum()*dA, W[W < 0].sum()*dA)
```

−०.३१८, १ आणि −०.२१३ च्या जवळचे आकडे यायला हवेत. मग `W` च्या जागी `eta*W + (1-eta)*np.exp(-R)/np.pi` ठेवा आणि `eta` १ पासून खाली आणत तिसरा आकडा कुठे शून्य होतो ते पाहा.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो, कारण त्यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. बरेच लेख `x` आणि `p` ऐवजी `α = (x + ip)/√2` हे चल वापरतात. तिथे केंद्रातली किंमत −२/π असते, म्हणजे −०.६३७, आणि खड्ड्याची त्रिज्या ०.५. माझा आलेख लेखातल्या आलेखाच्या बरोबर निम्मा खोल येत होता आणि मी गळती शोधत होतो.